पदराच्या मागोमाग ब्लाऊज

नऊवारी नेसलेल्या बाईचा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एखादा फोटो समोर घ्या आणि तिच्या चोळीचा गळा कसा आहे ते सांगा. बहुतेक वेळा सांगता येत नाही. डोक्यावरून घेतलेला पदर दोन्ही खांदे झाकत पुढे आलेला असतो, उरलेली जागा ठुशी-पुतळ्यांनी भरलेली असते, आणि चोळी म्हणून जी काय दिसते ती दंडावर घट्ट बसलेली बाही आणि तिचा काठ. पाठ तर दिसतच नाही. आताच्या लग्नाच्या अल्बममध्ये मात्र नवरीचा निदान एक फोटो पाठमोरा असतोच, आणि तो केवळ ब्लाऊजच्या मागच्या गळ्यासाठी काढलेला असतो.

या दोन फोटोंच्या मधला प्रवास सांगताना सगळं श्रेय शिंप्यांना, सिनेमाला किंवा इंग्रजांना देऊन मोकळं व्हायची पद्धत आहे. तिघांचाही त्यात हात आहे. पण मला वाटतं, ब्लाऊजची खरी सूत्रं पदराच्या हातात राहिली. पदर जिथून बाजूला झाला, तिथे ब्लाऊज नटला. जिथे पदर होता, तिथे शिवण नुसती कामापुरती राहिली. आधी बाही आणि फार उशिरा मागचा गळा, असा जो क्रम दिसतो तो त्यामुळेच.

सुरुवात चोळीपासून करू, कारण तिची रचनाच ब्लाऊजहून वेगळी होती. चोळी ही खणात बसवायची वस्तू. खण म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डसारख्या गावी खास चोळीसाठीच विणलं जाणारं कापड. त्याचा पन्हा साधारण तीस-बत्तीस इंचांचा, दोन्ही कडांना काठ आणि मधे बारीक बुट्टी. आजच्या साडीच्या कापडापेक्षा हा पन्हा बराच अरुंद, पण चोळीला तेवढा पुरतो. काठ कुठे आला पाहिजे हे आधी ठरायचं आणि कातर मग लागायची. तो बाहीच्या टोकाला आणि चोळीच्या खालच्या कडेला यायला हवा, कारण पदराबाहेर डोकावणारी जागा तेवढीच. काठ असा वापरला की कड दुमडून शिवायचं कामही वाचतं.

खण महाग होता, म्हणून चोळीचे तुकडे शक्यतो सरळ रेषेत कापले जात. बाही म्हणजे जवळपास आयताकृती तुकडा. तो अंगाला सरळच जोडायचा आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. अंगरख्याच्या शिवणीत या तुकड्याला चौबगला म्हणतात. दिसायला क्षुल्लक असलेला हा चौकोन फार उपयोगाचा, कारण हात वर गेला की तो उलगडतो आणि चोळी वर ओढली जात नाही. जात्यावर बसणारी, भाताची लावणी करणारी, रहाटाचं पाणी ओढणारी बाई दिवसातून किती वेळा हात खांद्याच्या वर नेत असेल, याचा विचार केला की हा चौकोन कुणाच्या गरजेतून आला ते कळतं. हात खाली सोडले की काखेत चुण्या पडतात खऱ्या, पण काखेतल्या चुण्यांकडे बघणार कोण?

बटण नाही, हूक नाही. पुढची दोन टोकं छातीखाली आणून त्यांची गाठ मारायची. चोळीचं माप गाठीत असतं. बाई बाळंत झाली, अंग भरलं, दूध आलं, नंतर पुन्हा उतरली, तरी तीच चोळी थोडी सैल किंवा थोडी आवळून चालते. मुलाला पाजायला घ्यायचं तर गाठ एका हाताने सुटते. पुढे शिंप्यांनी जो नेमकेपणा आणला त्यात ही सोय गेली, आणि तिची भरपाई त्यांना दुसऱ्या मार्गाने करावी लागली. तो मार्ग पुढे येईलच.

चोळी ही नुसती अब्रू झाकायची गोष्ट नव्हती, ती बाईची जागाही सांगायची. खण-नारळाने ओटी भरायची ती सवाशिणीची. ब्राह्मण घरात केशवपन केलेल्या विधवेला लाल आलवण मिळे, चोळी मिळत नसे. गोव्यात इन्क्विझिशनने 1736 साली जे फर्मान काढलं, त्यात ख्रिस्ती झालेल्या बायकांना चोळी घालायला बंदी होती, कारण चोळी ही हिंदूपणाची खूण ठरली होती. त्याच गोव्यात कुणबी बायका मात्र खांद्यावर साडीची गाठ मारून, चोळीविना, पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबत होत्या. दक्षिणेला त्रावणकोरात नाडर बायकांना वरचं अंग झाकायचा हक्क मिळवायला दशकानुदशकं झगडावं लागलं. 1859 मध्ये राजाज्ञा निघाली तीही उच्च जातीच्या बायकांसारखं नेसायचं नाही, ही अट ठेवूनच. एकीकडे चोळी काढून घेतात, दुसरीकडे घालू देत नाहीत. अंगावरच्या कापडाचा हिशेब बाईने स्वतः मांडावा, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

आता मुंबईला येऊ. ज्ञानदानंदिनी देवी या सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी, म्हणजे रवींद्रनाथांच्या वहिनी. सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय, आणि त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. 1864 मध्ये त्यांच्याबरोबर मुंबईला यायचं ठरलं तेव्हा ज्ञानदानंदिनींपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो कपड्यांचा. बंगालात घरंदाज बायका घरी नुसती साडी गुंडाळत, आत काही शिवलेलं नसे, कारण घराबाहेर पडायचंच नव्हतं. प्रवासासाठी एका फ्रेंच शिवणकाम करणारीकडून खास पोशाख बनवून घेतला. तो इतका अडचणीचा निघाला की स्वतःचा स्वतःला घालता येईना.

मुंबईत त्या एका पारशी कुटुंबात राहिल्या. पारशी बायका साडीच्या आत पोलकं आणि परकर घालत आणि बाहेर मोकळेपणाने वावरत. ज्ञानदानंदिनींनी ती पद्धत उचलली, पण पदर उजव्या खांद्याऐवजी डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा राहील. आत परकर, शेमीज आणि जाकीट. कलकत्त्याला परतल्यावर या नेसण्याला तिथे ‘बोंबाई दस्तूर’ असंच नाव पडलं, आणि ती शिकवायची तयारी असल्याची जाहिरात त्यांनी ‘बामाबोधिनी पत्रिका’त दिली. म्हणजे आज आपण ज्याला साधी गोल साडी म्हणतो आणि कायम होतीच असं धरून चालतो, तिच्या जन्माच्या दाखल्यावर मुंबईचं नाव आहे.

डाव्या खांद्यावरच्या या पदरामुळे दोन गोष्टी झाल्या. उजवा खांदा आणि उजवी बाही पूर्ण उघडी पडली, आणि छातीचा उजवा भागही बराचसा दिसू लागला. गाठीची चोळी इथे पुरेना. तिथे आता वरपासून कमरेपर्यंत झाकणारं, पुढे बटणं असलेलं काहीतरी हवं होतं. जवळ उदाहरण होतं मडमांच्या झग्याच्या वरच्या भागाचं. म्हणून त्या काळातल्या शिकलेल्या घरांतल्या फोटोंत बघा: गळ्याशी उंच कॉलर, लेसची झालर, आणि खांद्याशी फुगलेली, मनगटाकडे निमुळती होत गेलेली बाही. युरोपात 1890 च्या दशकात फुग्याच्या बाह्यांची लाट होती, तीच आपल्याकडे राजघराण्यांतून आणि साहेबी घरांतून आली. साडीच्या काठापेक्षा बाहीवरची लेस महाग, असा उलटा मामला काही काळ चालला.

मराठी घरांत हे सगळं हळूहळू उतरलं. आधी परकर-पोलक्यातल्या शाळकरी मुली, मग बाहेर शिकायला जाणाऱ्या बायका, मग त्यांच्या सुना. आजीच्या अंगावर चोळी, आईच्या अंगावर पोलकं आणि लेकीच्या अंगावर झंपर अशा तिन्ही पिढ्या एकाच ओसरीवर दिसायच्या. पोलकं आणि झंपर हे दोन्ही कमरेपर्यंत लांब, अंगाला सैल आणि पुढून बटणाचे. झंपर तर 1920-30 च्या काळात इतका सैल असे की वरून नुसता घालायचा, बाही कोपराच्या आसपास. चळवळीच्या दिवसांत खादीचा जाडाभरडा ब्लाऊज आला आणि पाऊण बाही ही गंभीर, शिकल्या-सवरल्या बाईची खूण होऊन बसली. आजही अनेक शिक्षिकांच्या आणि राजकारणातल्या बायकांच्या अंगावर ती दिसते.

याच काळात राजा रविवर्म्याने देव्यांनाही चोळी आणि साडी नेसवली. 1894 मध्ये त्याने गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेली लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेली. चार हातांच्या देवीच्या चोळीला मुंढे किती काढायचे, हा प्रश्न कुठल्या शिंप्याला पडला असेल का, असं मला ती चित्रं बघताना नेहमी वाटतं. पण त्यामुळे साडीच्या आत शिवलेली चोळी असते, ही गोष्ट देवघरातूनच मान्य झाली.

इंदिराराजे गायकवाड म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची कन्या, पुढे कूचबिहारची महाराणी. फ्रान्सहून मागवलेल्या शिफॉनच्या साड्या नेसायची चाल त्यांनी लोकप्रिय केली. शिफॉनचा ब्लाऊजशी संबंध असा की त्यातून आरपार दिसतं. पदर असून नसल्यासारखा. आता आतला ब्लाऊज कसा बसलाय, कुठे फुगलाय, कुठे चुणी पडली आहे हे सगळं दिसणार. सैल झंपराचे दिवस तिथे भरले, आणि ब्लाऊज अंगासरशी बसवणं हे शिंप्याचं मुख्य काम झालं.

सपाट कापड गोल अंगावर बसवायचं म्हणजे कुठेतरी कापड चिमटून आत घ्यावं लागतं. त्या चिमट्याला शिंपी टक्स म्हणतात. साध्या चार टक्सच्या ब्लाऊजला पुढच्या प्रत्येक भागावर एक टक्स खालून, एक हुकाच्या पट्टीकडून, एक बगलेकडून आणि एक मुंढ्याकडून येतो. चारही टक्सचं तोंड छातीच्या टोकाकडे असतं, पण तिथे पोचायच्या आत, इंच-सव्वा इंच अलीकडे ते थांबायला हवेत. टोकापर्यंत शिवले की तिथे चोच निघते. 1950-60 च्या दशकांतल्या सिनेमांत ही चोच मुद्दाम काढली जायची, कारण आतली अंतर्वस्त्रंही तशीच टोकदार होती. कटोरी ब्लाऊज याच्या पुढची पायरी. त्यात छातीचा भाग वेगळा, वाटीसारखा कापायचा, तोही शक्यतो उरेब, म्हणजे कापडाच्या तिरप्या रेषेत, म्हणजे तो ताणून नीट बसतो. उरेब कापायला कापड जास्त लागतं, म्हणून कटोरी मागितली की शिंपी आधी ब्लाऊजपीस उलगडून मोजतो.

आणि मुंढा. चोळीचा आयताकृती तुकडा आणि बगलेतला चौकोन जाऊन त्याजागी गोल कापलेला मुंढा आणि वरून घुमटासारखी कापलेली बाही आली. घुमट उंच कापला तर हात खाली असताना बाही अगदी साफ बसते, एक चुणी नाही. पण हात वर केला की सगळा ब्लाऊज वर ओढला जातो. घुमट उथळ ठेवला तर हात मोकळा फिरतो, पण बगलेत कापड गोळा होतं. छाती 36 असेल तर छोट्या बाहीला घुमटाची खोली साधारण तीन-सव्वातीन इंच ठेवतात. पाव इंच इकडे-तिकडे झाला की फरक लगेच कळतो. लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहणाऱ्या बाईला एक बाही, आणि लग्नात हात जोडून उभं राहणाऱ्या बाईला दुसरी बाही लागते, पण शिंप्याला हे कुणी सांगत नाही. मग ‘काखेत काचतंय’ ही तक्रार घेऊन ब्लाऊज परत येतो.

गाठीची सोय गेली त्याची भरपाई म्हणजे माया. शिवणीच्या बाहेर आतल्या बाजूला जे जादा कापड सोडतात ती माया. चांगला शिंपी बगलेच्या शिवणीला दोन-दोन इंच माया ठेवतो आणि अर्ध्या-अर्ध्या इंचावर दोन-तीन टिपा आधीच मारून देतो. अंग भरलं की आतली टीप उसवायची, ब्लाऊज तेवढा सैल होतो. जुन्या ब्लाऊजची बगल उलटी करून उसवलेल्या टिपांच्या खुणा पाहिल्या, तर त्या बाईच्या अंगाची चार-पाच वर्षांची नोंद तिथे सापडते. माया न ठेवता शिवलेला ब्लाऊज बाळंतपणानंतर कपाटातच पडून राहतो.

पाचवारी रुळली तसा पदर डोक्यावरून खाली आला आणि पाठ मोकळी झाली. तरी मागचा गळा लगेच खोल झाला नाही. आधी गेल्या बाह्या. 1960 च्या दशकात बिनबाहीचा ब्लाऊज शहरांत दिसू लागला, आणि घरोघरी त्यावरून कुजबूज झाली. कोल्हापूरच्या भानू अथैया त्या काळात हिंदी सिनेमाचे कपडे करत होत्या. ‘आम्रपाली’ (1966) साठी त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासून वैजयंतीमालेच्या उघड्या खांद्यांच्या चोळ्या तयार केल्या. उघडे खांदे ही विलायती थेरं, असं म्हणणाऱ्यांना अजिंठ्याच्या भिंती दाखवता येत होत्या, ही त्यातली गंमत.

बिनबाहीचा ब्लाऊज म्हणजे नेहमीच्या ब्लाऊजची बाही काढून टाकली की झालं, असा समज असतो. नवशिकी शिवणवाली इथेच फसते. बाही असते तेव्हा मुंढ्याची कड बाहीला जोडलेली असल्यामुळे ती फाकत नाही. बाही काढली की तीच कड काखेत उघडी पडते आणि आतलं सगळं दिसतं. म्हणून बिनबाहीला मुंढा अर्धा इंच वर घ्यावा लागतो, खांदा आत घ्यावा लागतो आणि कडेला उरेब पट्टी लावून ती किंचित आवळावी लागते.

याच सुमारास आणखी एक गोष्ट रुजली: मॅचिंग. हिरव्या साडीवर लाल खणाची चोळी हेच आधी शोभून दिसायचं, रंग वेगळा असणं हीच रीत होती. मग साडीच्या जमिनीचाच ब्लाऊज हवा झाला. गल्लोगल्ली मॅचिंग सेंटरं निघाली, भिंतभर टू बाय टू रुबियाचे तागे, आणि साडी हातात घेऊन दिवसाच्या उजेडात दाराशी जाऊन छटा जुळवणाऱ्या बायका. टू बाय टू म्हणजे उभा आणि आडवा, दोन्ही धागे दुहेरी पिळाचे. त्यामुळे कापड पातळ असूनही टिकतं आणि घाम शोषतं. पुढे गिरण्यांनी आणि विणकरांनी साडीलाच ब्लाऊजपीस जोडून दिला, साधारण ऐंशी सेंटीमीटरचा. तेव्हापासून ओटीतल्या खणाची जागा ब्लाऊजपीसने घेतली. तो मात्र शिवला जातोच असं नाही. एकीच्या हळदीकुंकवातून दुसरीच्या डोहाळजेवणात, तिथून तिसरीच्या वास्तुशांतीत असा तो फिरत राहतो, आणि कधीतरी मूळ मालकिणीच्या हाती परत येतो.

मागच्या गळ्याची खरी सुरुवात म्हणून बोट ठेवायचं तर ‘हम आपके है कौन’ (1994) मधल्या माधुरी दीक्षितच्या जांभळ्या साडीवर ठेवावं लागेल. साडी जांभळी, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ब्लाऊजची पाठ. त्या लग्नसराईत किती शिंप्यांपुढे त्या ब्लाऊजचं चित्र धरलं गेलं असेल, ते मोजायला बसू नये. अर्थात सिनेमाने फक्त धक्का दिला. पाठ तोवर पदराने मोकळी केलीच होती. खांद्यावर घड्या घालून पिनेने टाचलेला, अरुंद पट्टीचा पदर मागे सरळ खाली पडतो. डाव्या खांद्याची एक पट्टी सोडली तर सगळी पाठ समोर.

खोल गळ्याचा ब्लाऊज शिवताना काय होतं, हे आमच्या ओळखीच्या एका शिवणवाल्या काकूंकडे बसून मी पाहिलंय. छाती 36, उंची 14, आणि मागचा गळा 10 इंच हवा. म्हणजे पाठीवर कापडाची पट्टी उरली फक्त चार इंचांची. काकूंनी फर्ड्या हाताने कागदावर रेघा मारल्या आणि म्हणाल्या, “हिचा खांदा चौदाचा आहे, म्हणजे निम्मा सात. साध्या गळ्याला सातच धरते मी. याला सात धरला तर संध्याकाळपर्यंत दोन्ही खांदे दंडावर.” कारण सरळ आहे. दोन्ही खांद्यांना एकमेकांकडे ओढून धरणारं पाठीचं आडवं कापडच कापून टाकलेलं असतं. मग खांदे आपल्या वजनाने बाहेर घसरतात. काकूंनी निम्मा खांदा सहा धरला, गळ्याची रुंदी कमी केली, आणि पुढचा गळा सहाच्या पुढे जाऊ द्यायला ठाम नकार दिला. पुढून आणि मागून दोन्हीकडे खोल गेलं की ब्लाऊजला धरायला काही उरतच नाही, हा त्यांचा नियम.

कापल्यावर गळ्याची कड त्यांनी लगेच हातात धरून ताणली नाही. सपाट ठेवूनच आतून कॅनव्हास लावला. गोल कापलेल्या कडेत कापडाची तिरपी रेषा येते आणि ती नुसत्या हाताळण्यानेही पाव-अर्धा इंच वाढते. हे वाढणं शिवताना कळत नाही. घातल्यावर गळा पाठीपासून सुटून उभा राहिला की समजायचं, कड ताणली गेली. शेवटी मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मधे त्यांनी दोरी लावली, लटकनं लावली. लोक लटकनांना शोभा समजतात. शोभा आहेच, पण कापलेल्या आडव्या कापडाचं काम ती दोरी करते. चोळीची गाठ पुढे होती, आता ती पाठीवर गेली, आणि ती मारायला दुसरं माणूस लागतं, एवढा फरक.

हुकांचंही असंच झालं. मागे हूक आले की पुढचा भाग अखंड राहतो, त्यावर जरीकाम करता येतं, बंद गळा काढता येतो. पण तान्ह्या मुलाच्या आईला असला ब्लाऊज कामाचा नाही, आणि एकटी राहणाऱ्या बाईला तर अजिबातच नाही. फॅशनच्या मासिकांत मॉडेलच्या मागे कुणीतरी उभं असतं, हे चित्रात दिसत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत काटा पुन्हा बाहीकडे झुकला आहे. कोपरापर्यंत बाही, तिच्यावर आरीने भरलेले मोर, कमळं, कधी वर-वधूची नावंसुद्धा. आरी म्हणजे लाकडी मुठीची आकडीसारखी सुई. कापड चौकटीवर ताणून ते कामच आधी करतात आणि ब्लाऊज नंतर कापतात. म्हणून मापात चूक झाली तर माया सोडून काही करता येत नाही, मोराची मान शिवणीत जाते. मेंदी, बांगड्या आणि मंगळसूत्राबरोबर हाताचे जवळून फोटो काढायची रीत पडली, त्याचा या बाह्यांशी उघड संबंध आहे.

आणि खण? तो आता सहावारी साडीच्या मापात विणला जातो. गुळेदगुड्डच्या नक्षीची साडी आणि तिच्यावर साधा, एकरंगी ब्लाऊज असा उलटा जोड मुंबई-पुण्यात सणावाराला सर्रास दिसतो. घाईच्या बायकांसाठी ताणणाऱ्या कापडाचे तयार ब्लाऊजही निघालेत, डोक्यातून घालायचे, ना हूक ना टक्स. दोन-तीन मापं अलीकडे-पलीकडे ते सहज चालतात आणि हात वर करायला आडकाठी नसते. पण त्यांना माया नसते. एकदा त्यांचा ताण गेला की उसवून सैल करायला किंवा आवळायला काही नसतं, आणि पैठणीसारख्या जड साडीचा पदर पिनेने टाचला की खांद्याशी ते कापड खाली ओघळतं. त्यामुळे मार्गशीर्ष उजाडायच्या आत शिंप्याकडे माप देऊन ठेवायची लगबग काही कमी झालेली नाही, आणि वहीतलं पान उलटून “तुळशीच्या लग्नानंतरच मिळेल” हे उत्तरही तेच आहे.